रिपोर्टात नव्वद, हिशोबात चाळीस

जाहिरात एजन्सीचा रिपोर्ट आला की आमचे मालक खूश! आम्ही सोलापूर आणि बार्शीत अ‍ॅपवरून घरपोच किराणा देतो. गुगलचं अ‍ॅप कॅम्पेन लावलं ते फक्त सोलापुरात. बजेट, बॅनर सगळं पटापट झालं. रिपोर्टात रोज 90 इन्स्टॉल, खर्च 1800 रुपये, म्हणजे इन्स्टॉल वीस रुपयांना पडलं.

मला खटकलं ते दुसरंच. प्ले स्टोअरवरच्या आपल्या अ‍ॅपचे आकडे दाखवणाऱ्या प्ले कन्सोलमध्ये एकूण कन्व्हर्जन रेट, म्हणजे अ‍ॅपचं पेज बघणाऱ्यांपैकी इन्स्टॉल करणाऱ्यांचा टक्का, घसरला होता. एजन्सी म्हणाली, पेजचे स्क्रीनशॉट बदला. मी ट्रॅफिक सोर्सनुसार आकडे वेगळे केले, तर जाहिरातीवरून नुसते डोकावून जाणारे वाढले होते, म्हणून सरासरी खाली आली होती. शिवाय प्ले स्टोअरवर सर्च करून येणारेही कमी झाले होते. आमचं नाव टाइप करणाऱ्याला वर आमचीच जाहिरात दिसायची. तो त्यावर टॅप करायचा आणि जाहिरातीच्या खात्यात जमा व्हायचा. अ‍ॅप कॅम्पेनमध्ये कीवर्ड आपण निवडत नाही, त्यामुळे हे सहज होतं.

एजन्सीला विचारलं, की यातले आपोआप आले असते ते किती? उत्तर एकच: “सर, डॅशबोर्डवर पेड दाखवतंय ना!” फोनवर फोन केले, पण याच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी हिशोब मीच मांडला. प्ले कन्सोल शहरवार आकडे देत नाही, पण आमचं अ‍ॅप उघडल्याबरोबर पिनकोड विचारतं. त्यावरून जाहिरातीआधी सोलापुरात रोज साधारण 100 नवे ग्राहक यायचे, नंतर 150. म्हणजे वाढ 50, मग 90 कुठले? त्यात दिवाळी तोंडावर. जाहिरात नसलेल्या बार्शीतही 20 चे 22 झाले होते. तेवढीच दहा टक्के वाढ सोलापुरात धरली तर 110 असेही आलेच असते. जाहिरातीचे उरले 40, आणि इन्स्टॉल पडलं 45 रुपयांना. जाहिरात बघून नंतर स्वतः शोधून आलेलेही या 40 मध्येच आहेत, कारण मोजली ती एकूण वाढ.

बार्शीचे आकडे लहान आहेत, दोन-चार गिऱ्हाइकांनी टक्का हलतो, म्हणून एका आठवड्यावर भरवसा ठेवू नका. तुलनेला पंढरपूर घेऊ नका, वारीत तिथलं गणितच वेगळं. आणि हो, गुगल अ‍ॅड्स इन्स्टॉल क्लिकच्या तारखेवर टाकतं, त्यामुळे शेवटच्या काही दिवसांचे आकडे नंतर वाढतात.

लोकेशन सेटिंगही बघा. सोलापुरात “रस असलेले” लोकही त्यात धरलेले असतील, तर जाहिरात बार्शीत पोचते आणि तुलना बाद. आमचं ते मी आधीच बंद करून घेतलं होतं.

मालकांनी 45 चा आकडा ऐकला आणि पहिला प्रश्न टाकला, “यातले दुसरी ऑर्डर किती जण देतात?” सध्या तेच काढतोय.