साखळी कच्ची, म्हणजे वाक्य खोटं?

“मॅडम, ‘इल्म मिळवणं प्रत्येक मुस्लिमावर फर्ज आहे’ ही हदीस आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. मग पुस्तकात तिला जईफ का म्हटलंय? जईफ म्हणजे खोटी का?”

नाही, खोटी नाही. जईफ म्हणजे कमकुवत, आणि हा शेरा वाक्यावर नसतो, पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं ते वाक्य ज्या माणसांच्या हातून आपल्यापर्यंत आलं त्यांच्या साखळीवर असतो. या साखळीला सनद म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाला रावी. एकच वाक्य दहा वेगवेगळ्या सनदींनी आलेलं असू शकतं आणि दहाही सनदींचा दर्जा वेगळा असू शकतो. म्हणून “ही हदीस जईफ” असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठली सनद?

पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हीच हदीस फळ्यावर घेते. ‘सुनन इब्न माजा’मध्ये तिची सनद अशी आहे: इब्न माजा यांना हिशाम बिन अम्मार यांनी सांगितलं, त्यांना हफ्स बिन सुलैमान यांनी, त्यांना कसीर बिन शिंजीर यांनी, त्यांना मुहम्मद बिन सीरीन यांनी, त्यांना अनस बिन मालिक यांनी, आणि अनस यांनी पैगंबरांकडून. इब्न माजा हिजरी 273 मध्ये वारले, पैगंबर हिजरी 11 मध्ये. मधली अडीचशेहून जास्त वर्षं या पाच नावांनी सांधली आहेत.

पहिला प्रश्न सांध्यांचा. प्रत्येकाने आपल्या वरच्याकडून खरोखर ऐकलंय का? त्यासाठी जन्म-मृत्यूची सालं, गाव, प्रवास पाहतात आणि शब्दही पाहतात. ‘हद्दसना’ म्हणजे ‘आम्हाला सांगितलं’. ‘अन’ म्हणजे नुसतं ‘अमक्याकडून’. यात मधलं एखादं नाव गाळलेलं असू शकतं, म्हणून तिथे जास्त बारकाईने बघावं लागतं. या सनदीत कसीर यांच्यापर्यंत ‘हद्दसना’ आहे आणि त्यापुढे ‘अन’. पण इब्न सीरीन आणि अनस यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. इब्न सीरीन यांचे वडील अनस यांनीच मुक्त केलेले गुलाम होते, म्हणजे हे जवळजवळ एका घरातले. साखळी कुठे तुटलेली दिसत नाही.

मग अडतं कुठे? दुसऱ्या प्रश्नावर: माणूस कसा आहे? यात दोन गोष्टी तपासतात. ‘अदालत’ म्हणजे सचोटी, आणि ‘जब्त’ म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं जपण्याची क्षमता, मग ते स्मरणात असो की वहीत. सचोटी असून जब्त नसणं अगदी शक्य आहे. मुलं इथेच गोंधळतात, कारण त्यांना वाटतं की भला माणूस आहे म्हणजे त्याचं सांगणं पक्कं.

आता फळ्यावरचं दुसरं नाव, हफ्स बिन सुलैमान. घरात कुरआन असेल तर तुम्ही या माणसाला ओळखता. आज जगात बहुतेक ठिकाणी छापलं आणि पढलं जाणारं कुरआन ज्या पठणपद्धतीचं आहे, ती कूफ्याच्या आसिम यांची आणि त्यांच्याकडून आलेली याच हफ्स यांची. पठणातले ते इमाम. आणि हदीसमध्ये? बुखारी लिहितात, लोकांनी त्यांना सोडून दिलं. पुढे इब्न हजर अस्कलानी (मृत्यू हिजरी 852) दोन्ही गोष्टी एकाच ओळीत नोंदवतात: हदीसमध्ये ‘मत्रूक’, म्हणजे टाकून दिलेले, मात्र किराअतमध्ये इमाम.

हे वाचून मुलं अस्वस्थ होतात, आणि मला ते समजतं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. पण हदीसवाल्यांची पद्धत समजली की ते पटतं. एका उस्तादाचे समजा दहा शागीर्द. त्यांनी सांगितलेल्या हदीसी शेजारीशेजारी ठेवायच्या. नऊ जण एक शब्द सांगतात आणि दहावा वारंवार वेगळं, किंवा दहाव्याकडे अशा हदीसी निघतात ज्या बाकी कुणालाच माहीत नाहीत, तर तो दहावा जब्तमध्ये कच्चा. हफ्स या तुलनेत टिकले नाहीत. कुरआन त्यांनी आयुष्यभर रोज पढलं आणि पढवलं, त्यांचं सगळं लक्ष त्यावर होतं. एका विद्येत पक्का असलेला माणूस दुसरीत कच्चा निघू शकतो, आणि तसं स्पष्ट लिहायला हे लोक कचरले नाहीत. मला या शास्त्राबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो.

म्हणजे ही सनद जईफ, तीही बरीच. पण हेच वाक्य अनस यांच्याकडून इतर मार्गांनीही आलंय आणि इतर सहाबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, नावानेही. त्यातला प्रत्येक मार्ग कुठे ना कुठे लंगडतो. मात्र लंगडेपणा किरकोळ असेल, म्हणजे स्मरण जरा कमी, पण खोटेपणाचा आरोप नाही, तर असे मार्ग एकमेकांना आधार देतात. एकमेकांना न ओळखणारी चार विसराळू माणसं एकच गोष्ट सांगत असतील, तर चौघांनी तीच चूक केली असणं अवघड. अशा आधाराने वर चढलेल्या हदीसला ‘हसन लि-गैरिही’ म्हणतात, दुसऱ्याच्या बळावर हसन, म्हणजे स्वीकारण्याजोगी. या हदीसबद्दल नववी (मृत्यू हिजरी 676) म्हणाले, सनद जईफ, अर्थ बरोबर. नंतर मिज्जी म्हणाले, सगळे मार्ग मिळून ती हसनपर्यंत पोचते. सुयूती यांनी तर पन्नासएक मार्ग गोळा केले. म्हणजे जाणकारांचंही एकमत नाही. परीक्षेत नुसतं ‘जईफ’ लिहून सोडू नका, कोणी आणि कशामुळे म्हटलं तेही लिहा.

संख्या मात्र नेहमी उपयोगी पडत नाही. “इल्म मिळवा, मग चीनला जावं लागलं तरी” हे वाक्य याहून लाडकं. त्याच्या प्रसिद्ध सनदीत अबू आतिका नावाचा रावी आहे. बुखारींनी त्याला ‘मुन्करुल हदीस’ म्हटलं, हा त्यांचा फार कडक शेरा. इब्नुल जौजी यांनी हे वाक्य थेट बनावट हदीसींच्या संग्रहात घातलं. इतका मोठा दोष असेल तर तसलेच आणखी मार्ग जोडून काही वर चढत नाही.

आणि उलटंही होतं. ‘सहीह बुखारी’ची पहिलीच हदीस, “कर्मं हेतूवर अवलंबून असतात”. पैगंबरांकडून ती उमर यांनी सांगितली, उमर यांच्याकडून एकट्या अल्कमा यांनी, त्यांच्याकडून एकट्या मुहम्मद बिन इब्राहीम यांनी, त्यांच्याकडून एकट्या यह्या बिन सईद यांनी. तिथून पुढे ती असंख्य शागीर्दांमध्ये पसरली. चार पिढ्या एकेक माणूस, म्हणून ती ‘गरीब’, म्हणजे एकटी. तरीही सहीह, म्हणजे पक्की, कारण प्रत्येक दुवा भक्कम.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर, जलशांच्या बॅनरवर ही हदीस “प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषावर” अशी लिहिलेली दिसते. सखावी (मृत्यू हिजरी 902) सांगतात की ‘व मुस्लिमा’ हा शब्द तिच्या कुठल्याच मार्गात नाही, नंतर कुणीतरी जोडला. अर्थ मात्र बरोबर आहे. गेल्या वर्षी एका मुलीने घाबरतच विचारलं, “मग आमच्यावर फर्ज नाही का?” मी फळ्यावर मूळ अरबी लिहिलं: अला कुल्लि मुस्लिम. अरबीत असं पुल्लिंगी नाम सगळ्यांसाठी येतं, नमाज-रोजाच्या हुकुमांतही तसंच येतं, आणि तिथे बायकांना वगळलंय असं कुणी म्हणत नाही. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि ‘व मुस्लिमा’ खोडलं.