गौरींची जागा आधी, मखर नंतर
घराच्या अंतर्गत सजावटीचे काम मी पुण्यात करते. भाद्रपदापूर्वीच्या आठवड्यांत बहुतेक फोन एकाच प्रकारचे येतात. बोहरी आळीत एक मखर आवडले आहे, ते हॉलमध्ये कसे दिसेल ते सांगा, असे विचारले जाते. सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबाची सूनबाईही हाच प्रश्न घेऊन आली. नारायण पेठेतला वाडा सोडून त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता आणि नव्या घरातला हा पहिलाच गणपती होता. मखर तीन फूट रुंद, पुठ्ठ्याचे, घडी घालता येईल असे होते. थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आल्यावर या प्रकारच्या मखरांची चलती वाढली आहे, आणि दुकानदार त्यांची रुंदी तत्परतेने सांगतात, खोली मात्र क्वचितच सांगतात.

मी तिला मखराविषयी काहीच न सांगता गौरी बसतात का, असे विचारले. कारण ज्या घरी गौरी असतात तेथे आरास चतुर्थीच्या दिवसाची नसते. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेपर्यंत जागेवरून हलवीत नाहीत, आणि गौरींचे आवाहन त्यानंतर, अनुराधा नक्षत्रावर होते. म्हणजे दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या दोन उभ्या मूर्ती, त्यांच्या साड्यांचा घेर, समोरचा फराळ आणि नैवेद्य, या सगळ्याची जागा गणपती बसवण्याच्या आधीच ठरलेली असावी लागते.

मोजमापे मी स्वतः घेते. बिल्डरच्या माहितीपत्रकातला नकाशा सजावटीसाठी निरुपयोगी असतो, त्यात दाराचे पान कोणत्या बाजूला उघडते हेसुद्धा पुष्कळदा चुकीचे दाखवलेले असते. येथे हॉल पूर्व-पश्चिम 16 फूट आणि दक्षिणोत्तर 10 फूट होता. पूर्वेला मुख्य दार, पश्चिमेला बाल्कनीचे सरकते काचेचे दार, आणि उत्तरेच्या भिंतीत स्वयंपाकघराकडे जाणारी तीन फुटांची वाट, जी पश्चिमेच्या भिंतीपासून पाच फुटांवर सुरू होऊन आठ फुटांवर संपत होती. घरच्या आजींची एकच अट होती. दार उघडताच देव समोर दिसला पाहिजे, म्हणजे आरास पश्चिमेलाच हवी.

मी हा हॉल स्वीट होम थ्रीडी या मोफत प्रणालीत मांडला. तिच्यातले तयार फर्निचर जसेच्या तसे उचलू नये, प्रत्येक वस्तूचे माप बदलून आपल्या वस्तूचे टाकावे. नाहीतर सात फुटांचा सोफा सहा फुटांचा होतो आणि खोली उगाच प्रशस्त वाटते. मध्ये तीन फुटांचे मखर, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट घेराच्या गौरी आणि मधली फट धरून आठ फुटांची रांग झाली, आणि दहा फुटांच्या भिंतीपुढे ती सहज मावली. सूनबाई खूश झाली. मग मी होकायंत्रावर उत्तर दिशा आणि पुण्याचे स्थान नोंदवून सप्टेंबरमधल्या संध्याकाळी सहाचे चित्र तयार केले. आरतीच्या सुमारास मावळता प्रकाश काचेच्या दारातून मखराच्या पाठीमागून येत होता आणि गणपतीचा चेहरा काळवंडला होता. मागे जाड अस्तराचा पडदा आणि पुढून एक पिवळसर दिवा लागणार हे तेथेच ठरले. रंगछटांसाठी मी अशा चित्रांवर विसंबत नाही, पण उजेड कोणत्या बाजूने येईल हे त्यांतून नेमके समजते.

आजींना मात्र ते चित्र मुळीच पटले नाही. त्या म्हणाल्या, "अगं, यात माणसं कुठे आहेत? हे तर दुकान दिसतंय." त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, आणि याच वाक्याचा मी अजून विचार करते आहे.

मी पिशवीतून आलेख कागद काढला. एका फुटाला दीड सेंटिमीटर हे प्रमाण धरले की 16 फुटांचा हॉल 24 सेंटिमीटर होतो आणि ए-फोर आकाराच्या कागदावर बसतो. त्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापले: मखर, दोन गौरी, पूजेला बसणाऱ्याची जागा, आणि आरतीला उभ्या राहणाऱ्या पंधरा माणसांसाठी पंधरा तुकडे. एका उभ्या माणसाला दोन फूट रुंदी आणि दीड फूट खोली लागते, म्हणजे पंधरा जणांना 45 चौरस फूट. मखराला दोन आणि नैवेद्याला दोन, असे चार फूट सोडून माणसे भिंतीपासून भिंतीपर्यंत उभी केली तेव्हा त्यांनी चार फुटांपासून साडेआठ फुटांपर्यंतची जागा घेतली. स्वयंपाकघराची वाट नेमकी तिच्या आत सापडली. गौरीपूजनाच्या दिवशी पुरणपोळ्या आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य ज्या वाटेने येणार, ती वाटच माणसांनी बुजली होती.

यानंतर तुकडे आजींनी हातात घेतले. काही वेळ त्या ते इकडेतिकडे सरकवीत राहिल्या आणि मग दोन्ही गौरी एकमेकींजवळ मागे, आणि गणपती त्यांच्यापुढे मधोमध, असे त्यांनी ठेवले. "आमच्याकडे गौर म्हणजे गणपतीची आईच. आई मागे उभी राहील आणि लेकरू पुढे बसेल, त्यात काय बिघडलं?" मखराचा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला, कारण ते मध्ये आले असते तर मागच्या गौरी झाकल्या गेल्या असत्या. मी उभा छेद काढून उंची तपासली. गौरी साडेतीन फुटांच्या आणि त्यांच्याखाली दीड फुटाची पायरी, म्हणजे मुखवटे साधारण पाच फुटांवर येणार होते, तर चौरंगावरच्या मूर्तीचा मुकुट तीन फुटांच्या आसपास. काहीच झाकले जात नव्हते.

रुंदी आठ फुटांवरून पडद्यासकट साडेपाचवर आली. दक्षिणेला दीड फूट मोकळे ठेवले, कारण गणपती बसल्यानंतर गौरींना साडी नेसवायला आणि निऱ्या बसवायला कोणाला तरी मागे जावे लागणारच. उत्तरेला तीन फुटांची सलग वाट उरली. सोफा त्या दिवसांपुरता झोपायच्या खोलीत हलवला. आता पायरी, चौरंग आणि नैवेद्य मिळून साडेपाच फूट जागा जात होती, आणि पंधरा माणसे वाट सोडून सात फुटांच्या पट्ट्यात उभी केली तरी ती बारा फुटांपर्यंतच पोचत होती. आदल्या रात्री त्यांनी जमिनीवर खडूने आखून हेच पुन्हा पाहिले. मखर विकत घेतलेच नाही. पायरीसाठी दोन जुन्या ट्रंका आणि फळी पुरली.

गौरीपूजनाला मी दर्शनाला गेले होते. वाट मोकळी होती आणि ताटे सरळ येत होती. मात्र आरती सुरू झाली आणि पंखा बंद करावा लागला, कारण हॉलच्या मध्यावरच्या चार फूट व्यासाच्या पंख्याचा झोत समईपर्यंत येत होता, आणि उकाड्याने माणसे बाल्कनीच्या हवेसाठी उत्तरेच्या वाटेकडे सरकू लागली. माणसे कोठे मावतील हे कागदाने सांगितले होते, ती कोठे सरकतील हे सांगितले नव्हते. आता मी कागदावर पंख्याचे वर्तुळ तुटक रेषेने काढते, समईचा तुकडा वेगळा कापते, आणि दारापाशी ठेवायच्या टेबलफॅनची जागा आणि त्याचा प्लग कोठे लागेल, हे घरच्यांना तेव्हाच विचारून घेते.