दुहेरी बेरजेचा क्रम बदलताना: माझा अनुभव

आमच्या क्लासच्या नोट्समध्ये एका दुहेरी बेरजेखाली ‘क्रम बदलल्यास उत्तर n(n+3)/4 येते’ एवढे एकच वाक्य छापले होते. त्या वाक्याचा राग मला अजूनही आहे, कारण नव्या मर्यादा कशा काढायच्या, हे त्यात कुठेच नव्हते.

१ ते १० च्या पाढ्यांच्या तक्त्यात अडण्यासारखे काही नाही. i व्या ओळीची बेरीज 55i येते, म्हणून संपूर्ण तक्त्याची बेरीज ५५ × ५५, म्हणजे ३०२५ होते. आधी उभे स्तंभ मिळवले तरी तेच उत्तर येते.

गाडी अडली ती नोट्समधल्या या उदाहरणापाशी:

```
Σ(i=1..n) Σ(j=i..n) i/j
```

येथे i बाहेर काढला की आत 1/i पासून 1/n पर्यंतच्या अपूर्णांकांची बेरीज उरते आणि तिला आटोपशीर सूत्र नाही. म्हणून क्रम बदलायचा; परंतु दोन्ही सिग्मा चिन्हांची केवळ अदलाबदल केली, तर बाहेरच्या बेरजेत ‘j=i पासून’ असे उरते आणि तेथे i म्हणजे काय, हेच ठरलेले नसते. अंतिम उत्तरात i शिल्लक दिसला, की मर्यादा चुकल्या हे नक्की समजावे.

मला मार्ग सापडला तो n=4 घेऊन चौकटी आखल्यावर. पहिल्या ओळीत चार, दुसरीत तीन, मग दोन आणि एक, अशा दहाच चौकटी भरतात. त्या सर्वांची अट 1 ≤ i ≤ j ≤ 4 एवढीच आहे. हीच अट स्तंभाच्या बाजूने वाचली, की j १ ते ४ असा स्वतंत्र फिरतो आणि प्रत्येक j साठी i १ पासून j पर्यंत जातो:

```
Σ(j=1..n) (1/j) Σ(i=1..j) i
```

आतली बेरीज j(j+1)/2 असल्यामुळे j छेदातून निघून जातो आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज (j+1)/2 उरते; j=1 पासून n पर्यंत हे सर्व स्तंभ मिळवले, की नोट्समधले n(n+3)/4 येते. n=4 साठी स्तंभ १, ३/२, २ आणि ५/२ येतात, एकूण ७; ओळींनी २५/१२, २६/१२, २१/१२ आणि १२/१२ मिळवूनही ८४/१२, म्हणजे ७ च. हा पडताळा जुळल्यावर मला जो आनंद झाला, तो उत्तरापेक्षा त्या नोट्सवर मात केल्याचा अधिक होता.

क्रम बदलण्यापूर्वी जुन्या व नव्या मर्यादांनी किती चौकटी भरतात, तेही मोजून घ्यावे. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

तक्ता अनंत असेल, तर मात्र ही मोकळीक आपोआप मिळत नाही. कर्णावर 1, त्याच्या लगेच उजवीकडे −1 आणि इतरत्र 0 ठेवा: प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते, पण पहिल्या स्तंभाची एक येते आणि बाकी स्तंभांची शून्य, म्हणजे एका क्रमाने उत्तर 0 आणि दुसऱ्याने 1. तक्त्यातली एकही संख्या ऋण नसेल, किंवा त्यांची चिन्हे काढून केलेली बेरीज सांत असेल, तर क्रम निर्धास्तपणे बदलता येतो.