सर, मग दोन का नाही?

अकरावीला अनंत पदांच्या बेरजेचा भाग दहा मिनिटांत उरकता येतो. पहिलं पद a, दर पदाला गुणायची संख्या r, फळ्यावर a/(1 − r) लिहायचं, r हा −1 आणि 1 च्या मध्ये हवा म्हणून भोवती चौकट आखायची, तीन उदाहरणं सोडवायची, पुढं सरकायचं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी निम्मा वर्ग तसाही सकाळी क्लासला जाऊन सूत्र पाठ करूनच आलेला असतो. लातूर पॅटर्नची हवा इथवर पोचलीय, कॉलेजच्या तासाला पोरं येतात ती हजेरीपुरती. त्यांना तरी काय म्हणणार? सीईटीला गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, तिथं सूत्रावरच भागतं.

मी मात्र हा भाग जमिनीपासून सुरू करतो. फळ्यावर मोठा चौकोन काढतो आणि सांगतो, हा एक एकर, म्हणजे 40 गुंठे. मालक दरवर्षी हाती असलेल्या जमिनीपैकी निम्मी विकतो. पहिल्या वर्षी 20 गुंठे गेले, मग 10, मग 5, मग अडीच, मग सव्वा. एक उभी रेघ, एक आडवी, परत उभी. चौकोन कोपऱ्यात आक्रसत जातो.

इथं सगळी मेख कोणता प्रश्न विचारायचा यात आहे. एकूण विकली किती, असं विचारलं की पोरं बेरजा करत बसतात: 20 आणि 10 तीस, अधिक 5, अधिक अडीच. सहाव्या पायरीला अपूर्णांकात अडकतात. म्हणून मी विचारतो, उरली किती? 20, 10, 5, अडीच, सव्वा. म्हणजे नुकतीच जेवढी विकली बरोब्बर तेवढीच उरते. मग एकूण विक्रीसाठी बेरीज करायची गरजच नाही. 40 मधून शेवटचा तुकडा वजा केला की झालं. एकराला 1 धरलं तर n वर्षांत विकलेली जमीन 1 − 1/2ⁿ. दहाव्या वर्षी उरतो एकराचा 1024 वा भाग. एकराचे 43,560 चौरस फूट, म्हणजे हा तुकडा साधारण साडेबेचाळीस चौरस फूट. दोन बाजा टाकण्यापुरती जागा. सोळाव्या वर्षी चौरस फूटभरही नाही.

या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण बांध कुणाचा?" दुसरा म्हणाला, तलाठी सातबाराच देणार नाही. वर्ग हसला. हसू दिलं, कारण दोघांचंही खरं होतं. खरी जमीन कुठंतरी बांधावर, कायद्यावर, नाहीतर फाळाच्या रुंदीवर येऊन थांबतेच. संख्येला बांध नसतो. म्हणून जमीन इथं सोडली आणि फळ्यावर नुसते बेरजांचे अपूर्णांक ठेवले: 1/2, 3/4, 7/8, 15/16.

मग विचारलं, 1/2 + 1/4 + 1/8 + … अशी न थांबणारी ही बेरीज किती?

क्लासच्या पोरांचं उत्तर तयार होतं. एकानं उभं राहून वहीतलं वाक्य म्हणून दाखवलं, "बेरीज एकाच्या जवळ जवळ जात राहते पण एक ओलांडत नाही, म्हणून बेरीज एक." हे वाक्य मी इतक्या वह्यांत वाचलंय की ते कुठल्या नोट्समधून निघालं याचा शोध घेणं सोडून दिलंय.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तोवर गप्प होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तक, त्यामुळं सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "सर, मग दोनच्या बी जवळच जायलंय की. दर वेळी दोनपासलं अंतर कमीच व्हायलंय. अन् दोन बी ओलांडीना. मग बेरीज दोन का नाही?"

पोरं परत हसली. मी हसलो नाही. तिचं म्हणणं फळ्यावर मांडलं. एकापासूनची अंतरं 1/2, 1/4, 1/8, 1/16. दोनपासूनची 1.5, 1.25, 1.125, 1.0625. दोन्ही ओळी उतरतायत, आणि दोन्हीकडं कधीच ओलांडणं नाही. त्या पोराच्या वाक्यात 'एक' खोडून 'दोन' लिहिलं तरी ते अक्षरशः खरं राहतं. 'सतरा' लिहिलं तरीही. म्हणजे पाठ केलेल्या वाक्यात बेरजेची ओळख पटवणारं काहीच नाही. ज्यानं ते म्हटलं तो बिचारा फळ्याकडं बघतच राहिला.

तिला म्हटलं, "फरक तूच शोध. तू अंतर माग. एकापासून किती जवळ यायचं ते तू सांगायचं, कितव्या पायरीला ते मी सांगतो."

तिनं हजारावा भाग मागितला. दहावी पायरी, तिथं 1/1024 उरतं. कुणीतरी ओरडलं, लाखावा. सतरावी पायरी, उरतो 1,31,072 वा भाग. कोटी? चोविसावी. आणि एकदा आत आलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आतच राहतात, बाहेर पडणं नाही. अंतर कितीही बारीक मागा, पायरी सापडतेच, कारण 2, 4, 8, 16 ही दुपटीची रांग कुठल्याही आकड्याच्या पुढं जाते.

"आता हेच दोनसाठी माग."

तिनं विचार केला. "अर्धा माग म्हटलं, तर... नाहीच येणार. एकाच्या आत येतच नाही."

बरोबर. दोनपासूनचं अंतर कमी होत जातं खरं, पण 1 च्या खाली कधीच उतरत नाही. मग तिनं आपणहून 1.01 घेतलं. आता मात्र वर्ग शांत झाला, कारण 1.01 दिसायला एकाला चिकटलेलंच आहे. अंतरं काढली: 0.51, 0.26, 0.135, 0.0725. उतरतायत झपाट्यानं. पण एक शतांशाच्या आत या म्हटलं की संपलं. जो कोणी 1 पेक्षा मोठी संख्या घेऊन येईल, त्याची संख्या एकापेक्षा जेवढी जास्त तेवढी फट कायमची उरणार. आणि 1 पेक्षा लहान घेतली तर? 0.999 घेऊ. दहाव्या पायरीची बेरीज 1023/1024, म्हणजे 0.99902. ओलांडली. त्यानंतर बेरीज तिच्यापासून लांबच जाते. कोणत्याही मागणीला पुरी पडणारी संख्या अशी एकच, 1.

"पण सर, कोणत्याच पायरीला एक होईना ना?"

होत नाही, कधीच होत नाही. बेरीज एक ही कोणत्याही पायरीची गोष्टच नाही. पायऱ्यांच्या बेरजा ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ येतात आणि मग तिथंच राहतात, तिलाच अनंत श्रेढीची बेरीज म्हणायचं, असं ठरवून म्हटलंय. फ्रेंच गणिती कोशी यानं 1821 च्या पुस्तकात बेरजेची व्याख्या अशा पायऱ्यांच्या, म्हणजे आंशिक, बेरजांच्या सीमेवरूनच केली. त्याच्या आधी मोठमोठी माणसं अनंत बेरजांशी बेधडक खेळत होती आणि अधूनमधून तोंडावर पडत होती.

हे आमच्याकडच्या क्लासवाल्यांना सांगून उपयोग नाही. त्यांची युक्ती ठरलेली. बेरीज S धरा, दोनानं गुणा, 2S = 1 + S, म्हणून S = 1. टाळ्या. त्या पोरांना मी तीच युक्ती 1 + 2 + 4 + 8 + … वर करायला लावली. 2S म्हणजे 2 + 4 + 8 + …, म्हणजे S − 1. म्हणून S = −1. धन संख्यांची बेरीज उणे एक! पोरं माझी चूक शोधायला लागली. रीत तीच होती, फक्त S नावाची संख्या आहे हे आधीच धरून चाललो होतो. अर्धा, पाव, अर्धपावच्या बाबतीत ती असते म्हणून युक्ती खपून जाते.

तास संपला तरी मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो मी आधी वाचलेला होता. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी, जन्म 1444, आर्यभटीयावरच्या भाष्यात 1/4 + 1/16 + 1/64 + … = 1/3 हे मांडताना जवळपास हेच विचारलंय: ती तेवढीच वाढते हे कशावरून, आणि तेवढी वाढतेच हे कशावरून? एकात दोन प्रश्न. पुढं का जात नाही, आणि अलीकडं का थांबत नाही. वहीतलं वाक्य पहिल्याचंच उत्तर देतं. मुलगी दुसरा विचारत होती.

नीलकंठांचं उत्तरही उरलेल्यावरूनच जातं. 1/3 मधून 1/4 काढलं की 1/12 उरतं. त्यातून 1/16 काढलं की 1/48. त्यातून 1/64 काढलं की 1/192. उरलेलं दर वेळी शेवटच्या पदाचा तिसरा हिस्सा. पद लहान होईल तसं तेही होणार. दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात करून दाखवलं. दोघांनी जांभया दिल्या, एकानं विचारलं, परीक्षेला येणार का?

चाचणीत 1/3 + 1/9 + 1/27 + … ची बेरीज विचारली होती, तीन गुणांना. सूत्रानं दोन ओळींचं काम, उत्तर 1/2. त्या मुलीच्या पेपरात सूत्र नव्हतं. तिनं लिहिलं होतं: 1/2 − 1/3 = 1/6, 1/6 − 1/9 = 1/18, 1/18 − 1/27 = 1/54. खाली मराठीत, "उरलेलं नेहमी शेवटच्या पदाच्या निम्मं. शेवटचं पद पाहिजे तेवढं लहान करता येतं, म्हणून उरलेलं बी. दुसरी संख्या घेतली तर फट राहते."

आमच्या विभागात पेपर एकमेकांकडं फिरतात. ज्येष्ठ सरांनी तिला एक गुण दिला होता. मी बोलायला गेलो तर म्हणाले, "अहो, हे 1/2 आलं कुठून? उत्तर आधी माहीत असल्याशिवाय हिची पद्धत सुरूच होत नाही. ही पडताळणी झाली, सोडवणूक नव्हे."

सरांचा मुद्दा बिनतोड आहे, एरवी त्यांच्याशी माझं फारसं पटत नसलं तरी. उरलेल्याचा हिशोब संख्या शोधून देत नाही. समोर ठेवलेली संख्या खरी की खोटी एवढंच तो सांगतो. शोधायला सूत्र लागतं, नाहीतर अंदाज. पण सूत्र लिहिलेल्या बाकीच्या पोरांपैकी किती जणांना 'दोन का नाही' याचं उत्तर देता आलं असतं, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तो प्रश्न पेपरात नव्हता.

मुलीला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं, अर्धा कुठून आणलास? ती म्हणाली, "सूत्रानं काढला की सर, मागल्या पानावर, कच्च्या कामात. मग खरंच तेवढी होती का ते बघितलं."

मागचं पान तिनं आडवी रेघ मारून खोडलेलं होतं, आणि खोडलेल्या कामाला गुण नसतात. मी तीन दिलेत. सर दोनवर आलेत, तिथून हलत नाहीत.