चौदा शर्टांचा आकडा : आमची वाटचाल

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. त्यातला आमचा अगदीच लहान, बारा मशीनचा. वडिलांनी चार मशीनवर सुरू केला, मी बारापर्यंत आणला. दिवाळीनंतर नमुने, जानेवारीपासून ऑर्डरी आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, असं आमचं वर्ष.

काम वर्षानुवर्षं एकाच पद्धतीचं. कटिंग मास्तर ताग्यावरून कापड कापून देणार आणि प्रत्येक कारागीर पूर्ण शर्ट स्वतः काढणार. कॉलर, पट्टी, खिसा, बाही, बाजूची शिलाई, सगळं एका हातचं. फक्त काज-बटण आणि इस्त्री बाहेर. मजुरी नगावर, शर्टामागे ३० रुपये. दिवसाला एका मशीनवर १४ शर्ट निघायचे, म्हणजे ४२० रुपये रोज. सगळे मिळून १६८ शर्ट.

या चौदाच्या आकड्याकडे मी फार उशिरा नीट पाहिलं. आमच्याकडची एक मुलगी सहज अठरा काढू शकली असती. चार वाजता तिचे बारा झालेले असायचे आणि मग ती धागे कापत बसायची. मला वाटायचं, आळस. खरं कारण असं होतं की कोणी अठरा काढले की मालक रेट कमी करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या वडिलांनी एकदा ते केलंही होतं. म्हणून कोणी न ठरवता ठरलं होतं : चौदा.

२०१७ च्या जानेवारीत मी कामाची पद्धत बदलायला निघालो. मोठ्या कारखान्यांत बंडल पद्धत असते. एक जण फक्त कॉलर करतो, दुसरा पट्टी, तिसरा बाही, आणि वीस-वीस नगांचं बंडल पुढे सरकत जातं. माझ्या हिशोबाने बारा मशीनवर २४० शर्ट निघायला हवे होते. एका सोमवारी सगळ्यांना चहा-खारी दिली, अर्धा तास भाषण केलं, फळ्यावर प्रत्येक कामाचा रेट लिहिला. सगळ्या कामांची बेरीज शर्टामागे २४ रुपये. "२४० निघाले की तुम्हालाच ४८० पडतील," असं तीनतीनदा सांगितलं.

समोरच्यांनी फळ्यावर काय वाचलं? तीसाचे चोवीस झाले.

पहिल्या आठवड्यात उत्पादन ११० वर आलं. हात नव्या कामाला बसायला वेळ लागतोच, पण नगावर मजुरी असली की तो वेळ कारागिराच्या खिशातून जातो. ११० गुणिले २४, भागिले बारा : रोज २२० रुपये. म्हणजे घरी नेण्याचे पैसे जवळपास निम्मे. नवव्या दिवशी तीन मशीन रिकामी होती. बाराव्या दिवशी मी फळा पुसला आणि पुन्हा पूर्ण शर्ट सुरू केले. त्या वर्षी एक मोठी ऑर्डर उशिरा गेली, बिलातून पैसे कापले गेले. वर मी घरी येऊन म्हणत होतो, "आपल्या लोकांना बदल नकोच असतो."

हे वाक्य माझ्या मुलीने ऐकलं. ती तेव्हा एमबीए करत होती आणि तिच्या परीक्षेत हाच प्रश्न ठरलेला असायचा : लेविनचं तीन पायऱ्यांचं मॉडेल स्पष्ट करा आणि बदलाला होणाऱ्या विरोधाची कारणं लिहा. तीन चौकोन काढायचे, अनफ्रीज, चेंज, रीफ्रीज, मध्ये बाण, आणि खाली सहा-सात कारणं. झाले दहा मार्क. मला तो प्रकार आधी पोरकट वाटला. बर्फ वितळवा, आकार द्या, पुन्हा गोठवा, एवढ्यासाठी कॉलेजात कशाला जायचं? पण चौकोनांच्या मागे काय आहे ते तिने सांगितलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसलो.

कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला, १९४७ मध्ये वारला. त्याचं म्हणणं असं की कुठल्याही गटाची कामाची पातळी आपोआप स्थिर नसते. दोन बाजूंनी रेटा असतो, एक वर ढकलणारा, एक खाली धरून ठेवणारा, आणि दोन्ही सारखे झाले की पातळी तिथे थांबते. आमचे चौदा शर्ट असेच थांबलेले होते. पातळी हलवायचे दोन मार्ग आहेत. ढकलणारा जोर वाढवा, किंवा धरून ठेवणारा कमी करा. पहिल्या मार्गाने पातळी कदाचित हलते, पण दोन्हीकडून ओढ वाढल्याने ताण वाढतो, आणि तो भांडणात, गैरहजेरीत, काम सोडण्यात बाहेर पडतो. दुसऱ्या मार्गाने ताण कमी होतो. भाषण, फळा, ४८० चं आमिष, हे सगळं माझं ढकलणंच होतं. धरून ठेवणाऱ्या एकाही गोष्टीला मी हात लावला नव्हता.

आणि तो चौकोनांचा आराखडा लेविनच्या लेखनात तसा ठळक नाहीच. १९४७ च्या लेखात गटाचे पायंडे सैल करणं, हलवणं आणि पुन्हा पक्के करणं यावर थोडासाच मजकूर आहे. आज शिकवतात तो तीन पायऱ्यांचा साचा नंतरच्यांनी घडवला. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील की जातील, यावर आमच्या घरी बराच वाद झाला.

मला खिळवून ठेवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावात हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. तिथे नगावर मजुरी, बायका कारागीर, आणि काम बदललं की उत्पादन पडायचं, लोक सोडून जायचे. थेट आमचंच चित्र. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तिथे केलेला प्रयोग १९४८ मध्ये छापला. एका गटाला बदल फक्त समजावून सांगितला. त्यांचं उत्पादन पडलं ते पडलंच राहिलं, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के काम सोडून गेल्या. ज्या गटांतल्या सगळ्या जणींनी बदल ठरवण्यात आणि नवे रेट बसवण्यात भाग घेतला, त्यांचं उत्पादन लवकर सावरलं आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट पुढची आहे. त्या बिघडलेल्या पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून दुसरं काम दिलं, या वेळी त्यांना सामील करून घेऊन. त्यांनीही चांगलं काम केलं. बायका त्याच होत्या.

मग २०१८ च्या दिवाळीनंतर, ऑर्डरींचा जोर नसताना, मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी भाषण नाही. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कारागीर, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, त्यांच्या मशीनशेजारी स्टूल घेऊन बसलो आणि विचारलं, मागच्या वेळी नेमकं काय चुकलं.

अक्कांनी सुई थांबवली नाही. म्हणाल्या, "शेठ, पैशाचं तर आहेच. पण तुम्ही ते कॉलर एका गठ्ठ्यात टाकले, बाही दुसऱ्या गठ्ठ्यात. ताका बदलला की पांढऱ्यात पण फरक पडतो. पहिल्या आठवड्यात नऊ शर्टांची कॉलर वेगळी दिसत होती. ते उसवून कोणी द्यायचं, हे तुम्ही फळ्यावर लिहिलंच नव्हतं."

मी नऊ शर्ट पाहिलेच नव्हते. त्यांनी मुकाट उसवून दिले होते, बिनमजुरीचे. मी ज्याला अडवणूक म्हणत होतो त्यात माझ्या पद्धतीतला एक सरळ दोष होता, आणि तो ज्यांना दिसत होता त्यांना मी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन आठवडे धरून ठेवणाऱ्या गोष्टी एकेक करून सोडवण्यात गेले. ताग्याच्या फरकासाठी मास्तर कापतानाच प्रत्येक तुकड्याला नंबराची चिठ्ठी लावू लागले, म्हणजे सतरा नंबरची कॉलर सतरा नंबरच्याच अंगाला. उसवणीची मजुरी वेगळी ठरली. शिकण्याच्या काळासाठी मी रोज ४२० रुपये बांधून दिले, सहा आठवडे, उत्पादन कितीही असो. आणि रेट त्यांनीच काढले. तिघी घड्याळ घेऊन एकमेकींची वेळ मोजत बसल्या. माझ्या फळ्यावर कॉलरचा रेट फार कमी होता आणि बाजूच्या शिलाईचा उगाच जास्त, हे तेव्हा उघड झालं. बेरीज २५ रुपयांवर आली, माझ्यापेक्षा एक रुपया जास्त. शेवटची अट त्यांनी घातली : उत्पादन वाढलं म्हणून दोन वर्षं रेट कमी करायचा नाही. मजुरीच्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून सही केली. अठरा काढू शकणाऱ्या मुलीने ते पान दोनदा वाचलं.

पहिल्या आठवड्यात उत्पादन याही वेळी ११० वरच आलं. हे सांगायलाच हवं, कारण पुस्तकं वाचून वाटतं की सगळ्यांना विचारलं की घसरण होतच नाही. हात शिकायला लागणारा वेळ लागतोच. फरक इतकाच की या वेळी कोणी गेलं नाही. मग १३०, १६०, १८०, आणि पाचव्या आठवड्यात २०५, जिथे नगाच्या हिशोबाने मजुरी ४२० च्या वर गेली. बांधलेल्या रोजापोटी माझे ३४ हजारांच्या आत गेले. हे पैसे पहिल्याच वेळी काढून ठेवले असते तर उशिराच्या ऑर्डरीचा तोटा वाचला असता. मार्चपर्यंत २४० आले, मजुरी रोज ५०० झाली.

तिसरा चौकोन, गोठवण्याचा, मी जवळजवळ विसरलोच होतो. एप्रिलमध्ये लग्नसराईत दोघी रजेवर गेल्या, बाहीचं काम अडलं, बंडलं साचली. एक जण म्हणाली, "मी आपले पूर्णच शर्ट काढते." घाई होती, मी हो म्हटलं. चार दिवसांत पाच मशीनवर पूर्ण शर्ट निघत होते आणि चिठ्ठ्यांचे नंबर कोणी पाहत नव्हतं. बदल मोडायला कोणाचा विरोध लागत नाही, जुनी सवय आणि एक गर्दीचा आठवडा पुरतो.

त्यानंतर जुनी वाट बंद होईल अशा गोष्टी केल्या. वहीतून पूर्ण शर्टाचा ३० रुपयांचा रकाना काढून टाकला, कारण वहीत रेट आहे तोवर ते काम मागता येतं. मशीन कामाच्या क्रमाने लावून वायरिंग तसं पक्कं करून घेतलं. आणि प्रत्येकीला दुसरं एक काम शिकवलं, म्हणजे रजा पडली तरी बंडल थांबत नाही. या शेवटच्या गोष्टीला पूर्ण ऑफ सीझन लागला.

पक्क्या वायरिंगचा त्रास पुढे मलाच झाला. शाळा आता खेळाचे टी-शर्ट मागतात. ते होजिअरीचं कापड, मशीन वेगळं, क्रम वेगळा. भिंतीलगत केलेली रांग पुन्हा मोडायला इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागलं, आणि या वेळी कुरकुर करणारा पहिला माणूस मी होतो.

एक मशीन मात्र आम्ही रांगेबाहेर ठेवलं आहे, खिडकीपाशी. जादा मापाचे, एखाददुसरे राहिलेले, शाळेच्या नमुन्याचे शर्ट तिथे पूर्ण निघतात, रोजावर. त्यावर अक्का बसतात.