बाईंचा विभक्तीचा तक्ता

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला. स्नेहसंमेलन, सहली, पावसात गळणारी कौलारू इमारत यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त बाईंबद्दल लिहिणार आहे. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की मराठीच्या बाई, आणि त्यांचं नाव निघालं की आठवी 'ब'च्या भिंतीवरचा विभक्तीचा तक्ता. त्यातून निमंत्रणपत्रिकेवर 'माजी विद्यार्थ्याना' असं छापलेलं. 'ना' हा प्रत्यय फक्त अनेकवचनाचा, तेव्हा त्याच्या आधीच्या अक्षरावर टिंब हवंच! बाईंनी पत्रिका लाल करून परत पाठवली असती.

या वर्षीच्या मुलांना उजळणीला होईल म्हणून तक्ता इथे देतो. वाक्यं बाईंचीच.

| विभक्ती | एकवचन | अनेकवचन | वाक्य |
|---|---|---|---|
| प्रथमा | प्रत्यय नाही | प्रत्यय नाही | घंटा वाजली. |
| द्वितीया | स, ला, ते | स, ला, ना, ते | शिपायाने कुत्र्याला हाकलले. |
| तृतीया | ने, ए, शी | नी, शी, ई, ही | मुलींनी फडक्याने फळा पुसला. |
| चतुर्थी | स, ला, ते | स, ला, ना, ते | बाईंनी मुलांना वह्या दिल्या. |
| पंचमी | ऊन, हून | ऊन, हून | पाहुणे पुण्याहून आले. |
| षष्ठी | चा, ची, चे | चे, च्या, ची | मुलांचा डबा सांडला. |
| सप्तमी | त, ई, आ | त, ई, आ | वही दप्तरात राहिली. |
| संबोधन | प्रत्यय नाही | नो | मुलांनो, खाली बसा. |

'स ला ते, स ला ना ते' हे आम्ही पाढ्याच्या चालीवर म्हणायचो. इतर शाळांतही म्हणत असतील. 'ते', 'ए', 'ही' हे प्रत्यय जुन्या कवितेत भेटतील, रोजच्या बोलण्यात शोधत बसू नका, एवढं सांगून बाई पुढे जात. त्यांचा सगळा जीव दोन जागी होता.

पहिली जागा द्वितीया आणि चतुर्थीची. प्रत्यय अगदी तेच, मग ओळखायचं कसं? पोरं ठोकून द्यायची, 'कोणाला' असा प्रश्न विचारायचा. बाई म्हणायच्या, "अरे, हाकललं कोणाला, कुत्र्याला. दिल्या कोणाला, मुलांना. दोन्हीकडे उत्तर आलंच की! मग कळलं काय तुला?" त्यांची रीत उलटी होती. आधी क्रियापदाला 'काय' विचारायचं. 'काय दिल्या?' उत्तर मिळतं, वह्या. बाईंच्या हातून सुटल्या त्या वह्या, म्हणजे कर्म त्या. मुलं नुसती घेणारी, म्हणून 'मुलांना' चतुर्थी. आता 'काय हाकलले?' असं विचारा. वेगळं काही हातात येत नाही. क्रिया कुत्र्यावरच संपते, म्हणून 'कुत्र्याला' द्वितीया.

'त्याला ताप आला' हे वाक्यही या रीतीत बसतं. काय आला? ताप. मग 'त्याला' चतुर्थी, जरी कोणी कोणाला काही दिलेलं नसलं तरी. रीत फसते ती 'मला चालवत नाही' अशा वाक्यात. तिथे 'काय'ला उत्तर नाही, तरी विभक्ती चतुर्थी, कारण चालणारा मीच आहे, माझ्यावर कोणी काही करत नाही. बाई ही वाक्यं मुद्दाम चाचणीत घालायच्या आणि वर्गभर फिरत आमच्या वह्यांत डोकवायच्या. आणि हो, 'वह्या' कर्म असूनही तिला प्रत्यय नाही. निर्जीव कर्म मराठीत बहुधा उघडंच राहतं. मी आंबा खाल्ला, आंब्याला नाही. अर्थ कर्माचा, रूप प्रथमेचं, असं बाई म्हणायच्या.

दुसरी जागा षष्ठी, आणि तिचा एक प्रसंग मला लख्ख आठवतो. तक्ता वाचता वाचता मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, 'मुलांचा डबा' यात मुलं तर पुष्कळ आहेत. मग 'चा' हा एकवचनाच्या घरात कसा?" हा मुलगा एरवी खिडकीतून बाहेर बघणारा. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

मुलाचा डबा, मुलाचे डबे
मुलांचा डबा, मुलांचे डबे

"बघा. मुलं एक की अनेक, हे कशावरून कळतं? 'ला'वरच्या टिंबावरून. आणि डबा एक की अनेक, हे 'चा' आणि 'चे' यांवरून." तक्त्याच्या बाकी सगळ्या ओळींत वचन म्हणजे त्याच नामाचं वचन. षष्ठीच्या ओळीत मात्र वचनही पुढच्या शब्दाचं आणि लिंगही पुढच्या शब्दाचं. मुलाचे डबे, मुलाच्या वह्या, मुलाची पुस्तकं: मूल एकच, तरी तिन्ही प्रत्यय अनेकवचनाच्या रकान्यातले. षष्ठी क्रियापदाशी बोलतच नाही, शेजारच्या नामाशी बोलते. म्हणून तिचा अर्थ नुसता 'संबंध', ती कारकांत मोजत नाहीत.

मग बाईंनी स्टूल मागवलं, वर चढून तक्त्याच्या षष्ठीच्या ओळीखाली बारीक अक्षरात दोन वाक्यं रंगवली. साडीला तेलरंग लागला होता. पहिलं वाक्य: 'या ओळीत लिंग-वचन पुढच्या शब्दाचे.' दुसरं: 'पुढच्या शब्दाला प्रत्यय लागला की सगळीकडे च्या.' म्हणजे मुलाचा डबा, पण मुलाच्या डब्यात. मुलाची वही, पण मुलाच्या वहीला. हे दुसरं वाक्य मी आजवर कुठल्या तक्त्यात पाहिलेलं नाही.

मी आज न्यायालयात भाषांतरकार आहे. जबाब मराठीत येतात, ते मी इंग्रजीत करतो. 'आरोपीने फिर्यादीच्या भावाच्या डोक्यात काठी मारली' या वाक्यात दोन 'च्या' ओळीने आले आहेत, आणि दोन्ही त्या दुसऱ्या नियमाने. 'भाऊ'चं सामान्यरूप 'भावा' झालं म्हणून 'फिर्यादीच्या'. 'डोके'ला 'त' लागला म्हणून 'भावाच्या'. शेवटून मागे उकलत गेलं की डोकं कोणाचं आणि भाऊ कोणाचा याचा घोळ होत नाही. टिंबाचा मात्र होतो. जबाबात 'साक्षीदाराचा' आणि 'साक्षीदारांचा' यांत टिंब गेलं, तर एक माणूस की चार, हे परत विचारून घ्यावं लागतं.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. आठवी 'ब'मध्ये आता मोठा पडदा आहे, त्यावर विभक्तीचा तक्ता रंगीत आणि सुबक दिसतो. जुना तक्ता इमारत पाडताना गेला असं कळलं. कोणी काढून ठेवला असता तर बरं झालं असतं. पडद्यावरच्या तक्त्यात सप्तमीच्या उदाहरणाला 'टेबलावर' दिलं आहे. 'वर' हे शब्दयोगी अव्यय, विभक्तीचा प्रत्यय नव्हे, तेव्हा तिथे 'दप्तरात' करून घ्यावं. आणि मुख्याध्यापकांना विनंती, षष्ठीच्या ओळीखाली बाईंची ती दोन वाक्यं टंकून घ्यावीत. वर दिलीच आहेत.