पी.टी.चे तास

गणिताचे आमचे सर ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. जन्मतारीख १ जून. ती आमच्याकडच्या निम्म्या पिढीला प्रवेश देणाऱ्या गुरुजींनीच बहाल केलेली! महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की अठ्ठावन्न पुरे होऊन निवृत्ती आदल्या महिनाअखेरीस येते, तीही ऐन सुट्टीत. म्हणून निरोप समारंभ निकालाच्या आधीच उरकायचा ठरला. मी याच शाळेत शिकून याच शाळेत मराठी शिकवायला लागलेलो, तेव्हा भाषण माझ्याकडे आलं. बाईंनी बजावलं, "तीन मिनिटं हं. त्यापुढे लोक वेफर्सकडे बघतात."

तीन मिनिटं म्हणजे सावकाश वाचलं तर साडेतीनशे शब्द. सामान मात्र ढीगभर. मधल्या सुट्टीत डबे उघडले की शिक्षकखोलीत सरांचेच किस्से निघायचे, ते मी वहीच्या मागे टिपून ठेवले. त्यातला एक मुद्दा तिघांच्या तोंडी आला: घंटा झाली तरी सर वर्गाबाहेर येत नाहीत. पी.टी.चे सर तर म्हणाले, "वीस वर्षं माझे तास खाल्ले त्यांनी. आता व्याजासकट परत पाहिजेत."

भाषण त्यावरच उभं केलं. बाकीचं गाळलं. सरांच्या टकलावरचा विनोद गेला, कारण पहिल्या रांगेत काकू आणि त्यांच्या सुनबाई बसणार होत्या. संस्थेच्या एका जुन्या बैठकीतला किस्सा आम्हा चौघांनाच हसवणारा, तोही गेला. नकला तर कागदावर मरतातच.

उरलेलं औपचारिक करताना मी शब्द सभ्य केले, टोमणा तसाच ठेवला. भाषणात आलं ते असं: "शारीरिक शिक्षणाच्या तासांवर सरांचं विशेष प्रेम होतं. ते तास त्यांनी कधी वाया जाऊ दिले नाहीत." त्याच्या पाठोपाठ खरी गोष्ट: त्या 'खाल्लेल्या' तासांत पुढे गेलेल्यांना नव्हे, तर सहामाहीला नापास झालेल्यांना पुढच्या बाकावर बसवून सर अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. त्या बाकावर मीही बसलोय. हे वाक्य भाषणात नव्हतं. भाषण शिक्षकवृंदाच्या वतीने होतं, माझ्या नव्हे. इथे लिहायला हरकत नाही.

हा विनोद अगदी सुरुवातीला ठेवला नाही. पहिली दोन वाक्यं माइकच्या खरखरीत आणि खुर्च्या सरकवण्यात जातात. पी.टी.च्या सरांना मजकूर आधी दाखवला होता, ते म्हणाले, "व्याजाचंही घाल." घातलं.

सभागृह हसलं. सर उत्तराला उठले आणि म्हणाले, "राहिलेले तास जूनपासून मैदानावर फेडतो."

जूनमध्ये ते खरंच आले. लिंबाच्या सावलीत दहावीची सात-आठ पोरं घेऊन बसले, आणि पी.टी.चे सर लांबून शिट्टी मारत राहिले.